उणे ५०५६: शब्दाविना आलेल्या एका फोटोचं प्रकरण

जानेवारीचा तिसरा आठवडा, रात्रीचे पावणेदहा. इंदूरला त्या दिवसांत इतक्या उशिरा चांगलाच गारठा असतो. मी दुसऱ्या दिवशीच्या शिकवणीचे कागद आवरत होते, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. नाव माझ्या शिकवणीतल्या एका मुलीच्या आईचं होतं, कारण घरात फोन आईचाच. फोटोखाली एक अक्षर नव्हतं. ‘काकू’ नाही, ‘हे येत नाही’ नाही, साधं प्रश्नचिन्हही नाही.

मी लोकमान्य नगरात राहते आणि घरीच दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. येणारी मुलं मराठी घरांतली असली, तरी बहुतेकांची शाळा हिंदी माध्यमाची आहे. घरात ‘वेग’ म्हणतात, पुस्तकात ‘चाल’ असते. मी ‘वर्गसमीकरण’ म्हणून जाते आणि मुलं ‘द्विघात समीकरण’ लिहितात. गणिताचं उदाहरण त्यांच्यासाठी ‘सवाल’. असे बिनशब्दांचे सवाल मला आठवड्यातून पाचसहा वेळा येतात. त्यांतला हा एकच इथे सविस्तर मांडते आहे, कारण या एका सवालात मी आधी चुकले, मग सावरले, आणि नेमकं कुठे चुकले ते मला बोट ठेवून दाखवता येतं.

सवाल एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातला, चौथ्या अध्यायातल्या प्रश्नावली ४.१ मधला. एक रेल्वेगाडी ४८० किलोमीटर अंतर एकसारख्या वेगानं जाते. तिचा वेग ताशी ८ किलोमीटरनं कमी असता, तर तेवढ्याच अंतराला तिला ३ तास जास्त लागले असते. गाडीचा वेग काढायचा आहे.

ज्यांना वर्गसमीकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी सरळ रीत सांगते. वेग x मानला, तर ठरल्या वेगानं लागणारा वेळ 480/x आणि कमी वेगानं लागणारा वेळ 480/(x − 8). हळू जाणाऱ्या गाडीला ३ तास जास्त लागतात, म्हणून:

480/(x − 8) − 480/x = 3

छेद काढून आवरलं की हे उरतं:

x² − 8x − 1280 = 0

याची मुळं 40 आणि −32. वेग उणे नसतो, म्हणून ताशी ४० किलोमीटर. ताळा तोंडी होतो: ४० च्या वेगानं ४८० किलोमीटरला १२ तास, ३२ च्या वेगानं १५ तास, फरक ३.

आता माझ्यापुढे तीन वाटा होत्या. वरच्या सगळ्या पायऱ्या कागदावर लिहून, फोटो काढून पाठवायच्या. किंवा एखादी खूण द्यायची, म्हणजे पुढचं तिचं तिनं करावं. किंवा नुसतं उत्तर कळवायचं. शब्द असते तर निवड सोपी झाली असती. ‘काकू, उत्तर बरोबर आहे का?’ असं विचारलं असतं, तर उत्तर दिलं असतं. ‘सुरुवातच जमत नाही’ म्हटलं असतं, तर पहिली ओळ दाखवली असती. इथे मला सांगणारं काहीच नाही, असं मी धरून चालले. तीच माझी पहिली चूक.

न सांगणाऱ्याला खूण द्यावी, पूर्ण उत्तर देऊ नये, अशी माझी सवय आहे. ती सवय लागायला एक कारण घडलं होतं. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी सहा महिने प्रत्येक फोटोवर पूर्ण सोडवून पाठवत होते. त्याची वही सुंदर दिसायची. पूर्वपरीक्षेत त्याच सवालांतले आकडे बदलून आले, तर पानंच्या पानं कोरी. तो मुलगा आळशी नव्हता. त्याच्या कामाचा सगळा भार मीच उचलला होता, आणि ते मला फार उशिरा दिसलं. तेव्हापासून माझा हात खुणेकडे वळतो.

म्हणून त्या रात्री मी लिहिलं: ‘वेळ = अंतर ÷ वेग. दोन्ही गाड्यांचा वेळ लिही आणि समीकरण मांड.’

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग वीस मिनिटं काही नाही. निळ्या खुणांचा अर्थ इतकाच की आईनं वाचलं. मुलीनं वाचलं असेलच असं नाही. शेवटी मीच फोन केला. आईनं उचलला.

“अगं, तिनं बघितला का मेसेज?”

“बघितला ना, ताई. म्हणाली, हे तर मला येतंच. आणि वही मिटून बसलीये. चिडलीये थोडी.”

हे तर मला येतंच. माझी खूण चुकीची नव्हती, पण मुलगी ज्या पायरीवर उभी होती तिच्या दोन पायऱ्या खाली मी उभी राहून हाक मारत होते. अडलेल्या मुलाला त्याला येणारीच गोष्ट खूण म्हणून मिळाली, की त्याला दोन गोष्टी वाटतात: आपल्याला हेही येत नाही असं काकूंना वाटतं, आणि विचारून उपयोग नाही. दुसरी गोष्ट जास्त नुकसानीची. पुढच्या वेळी तो फोटोसुद्धा पाठवत नाही.

फोन ठेवून मी फोटो पुन्हा उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. खरं तर हे मी आधीच करायला हवं होतं.

फोटोत सवालाचा फक्त चौथा उपप्रश्न होता. वरची सूचना कापली गेली होती. ती सूचना मला पाठ आहे: दिलेल्या परिस्थिती द्विघात समीकरणाच्या रूपात मांडा. म्हणजे प्रश्नावली ४.१ मध्ये या सवालाला समीकरणच मागितलं आहे, आणि पुस्तकाच्या मागे उत्तर म्हणूनही समीकरणच छापलेलं आहे, ४० हा आकडा नाही. पण उपप्रश्नाच्या शेवटी गाडीचा वेग काढायचा आहे असंही म्हटलेलं असल्यामुळे मुलं पुढे सोडवायला जातात. एका मुलाला मी मागे नुसतं ‘४०’ कळवलं होतं. त्यानं मागचं पान उघडलं, तिथे ४० सापडेना, आणि काकूंचं उत्तर चुकलं असं त्यानं धरलं. म्हणजे ‘फक्त उत्तर द्या’ एवढं म्हणूनही भागत नाही. कापलेल्या फोटोत उत्तर कशाला म्हणायचं, हेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट दिसली ती उजव्या कोपऱ्यात. पुस्तकाच्या खाली तिची वही होती, आणि फोटोत तिची बोटभर पट्टी आली होती. पेन्सिलीनं लिहिलेलं, थोडं खोडलेलं. मोठं केल्यावर एक आकडा वाचता आला:

D = −5056

त्या एका आकड्यात मला हवं ते सगळं होतं. D म्हणजे विविक्तकर, b² − 4ac. तो उणे आला की वास्तव मुळं नाहीत. म्हणजे तिच्या हिशेबानं अशी गाडीच असू शकत नव्हती. आता उलट जायचं. 5056 मध्ये 64 मिळवले की 5120 होतात, आणि 5120 म्हणजे 4 × 1280. म्हणजे तिचं समीकरण असं होतं:

x² − 8x + 1280 = 0

बरोबर समीकरणापासून फक्त एका चिन्हाचं अंतर. हे चिन्ह छेद काढताना चुकलं असेल, किंवा त्याच्या आधीच. हिशेबात घसरगुंडी झाली की बहुधा आकडेही बिघडतात. इथे ८ आणि १२८० दोन्ही शाबूत होते. म्हणून मला वाटलं, मांडणीतच उलटापालट झाली आहे. ती अशी:

480/x − 480/(x − 8) = 3

इथून नीट आवरत गेलं, तर बरोबर x² − 8x + 1280 = 0 येतं. तिचा पुढचा सगळा हिशेब अचूक होता. चूक पहिल्याच ओळीत होती, आणि ती बीजगणिताची नव्हती. मोठ्यातून लहान वजा करायच्या ऐवजी तिनं लहानातून मोठं वजा केलं होतं आणि त्याला ३ म्हटलं होतं.

असं का होतं, हे मला मुलांच्या वह्यांतून बऱ्याचदा दिसलं आहे. सवालात आधी ठरलेल्या वेगाची गाडी येते, मग कमी वेगाची. मुलं वाक्य वाचत वाचत समीकरण लिहितात: पहिली आली, तिचा वेळ लिहिला, मग ‘फरक’ म्हणून वजाचं चिन्ह, मग दुसरीचा वेळ, मग बरोबर ३. वाक्याचा क्रम हाच समीकरणाचा क्रम. ही सवय फक्त शाळेतल्या मुलांची नाही. जॉन क्लेमंट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक साधं वाक्य समीकरणात लिहायला सांगितलं होतं: एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या S आणि प्राध्यापकांची P मानून बरेच जण 6S = P लिहून मोकळे झाले, कारण वाचताना ६ आणि विद्यार्थी शेजारी शेजारी येतात; खरं तर 6P = S हवं. आमच्या सवालात आणखी एक फसवी जागा आहे. एकाच वाक्यात आधी ‘कम’ येतं, मग ‘अधिक’. वेग कमी आणि वेळ जास्त. ‘कम’ दिसलं की हात वजाबाकीकडे जातो, आणि कुणाला जास्त वेळ लागला हा प्रश्न मागे राहतो.

आणखी एक गोष्ट त्या D मुळे कळली. पुस्तकात विविक्तकर प्रश्नावली ४.१ च्या बराच पुढे येतो. ती मुलगी D काढते आहे, म्हणजे अध्याय पूर्ण झालेला आहे आणि ही उजळणी चालली आहे. तारीखही तेच सांगत होती. हाच फोटो मला पावसाळ्यात आला असता, अध्याय नुकताच सुरू झालेला असताना, तर मी निराळं केलं असतं. त्याकडे थोडं पुढे येते.

तिन्ही वाटा आता तिच्या जागेवरून पाहिल्या.

पूर्ण पायऱ्या पाठवल्या असत्या तर दहा ओळी झाल्या असत्या. त्यांतल्या नऊ ओळी तिला येत होत्या, बहुधा माझ्यापेक्षा नीटनेटक्या. तिची चूक ज्या ओळीत होती, ती ओळ तिनं वाचली असती, आपल्या ओळीशी ताडून पाहिली असती, दोन पदांची जागा बदललेली दिसली असती, आणि ‘अच्छा, उलटं लिहायचं होतं’ म्हणून ती पुढे गेली असती. उलटं का, हे नाही.

नुसतं समीकरण कळवलं असतं, तर याहून वाईट झालं असतं. तिच्याकडे +1280, माझ्याकडे −1280. अशा वेळी चुणचुणीत मुलगी काय करते? चिन्हाची चूक झाली म्हणते, कुठल्यातरी ओळीत अधिकाचं उणे करते, आणि वही बरोबर दिसू लागते. अगदी जवळ पोचलेल्याला नुसतं उत्तर दिलं, तर ते चूक झाकायला वापरता येतं. दूर असलेल्याला तसं करता येत नाही. हे मला त्या रात्रीपर्यंत इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

नुसतं ‘४०’ दिलं असतं तर ते मात्र पूर्ण निरुपयोगी नव्हतं. ४० घेऊन ती ताळा करू शकली असती: १२ तास, १५ तास. मग आपल्या समीकरणात घातलं असतं, तर १२ − १५ = −३ दिसलं असतं. पण हे सगळं तिनं करावं यासाठी मला तिला ताळा करायला सांगावं लागलं असतं, आणि मग ती खूणच झाली.

तेव्हा उरली खूण, पण तिच्याच चुकीच्या ओळीवर बोट ठेवणारी. ती कशी द्यायची? ‘मोठ्यातून लहान वजा कर’ असं सांगणं म्हणजे पायरीच सांगणं. ती पाळली गेली असती, पटली नसती. मला तिच्याच मांडणीतून तिला ते दिसायला हवं होतं. म्हणून मी आकडा घेऊन बघायचं ठरवलं.

कुठला आकडा घ्यायचा, यावर मी पाच मिनिटं घालवली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. ५० घेतला तर दुसरा वेग ४२ होतो आणि ४८० ला ४२ नं भाग जात नाही. अपूर्णांकातच तिचं डोकं अडकलं असतं. ४८ घेतला तर छान भाग जातो, १० तास आणि १२ तास. पण ४८ मधून ८ गेले की ४० उरतात, आणि खरं उत्तरही ४० च आहे. तिनं ते कुठे मागाहून पाहिलं तर गोंधळ. शेवटी २४ सापडला. २४ नं २० तास, १६ नं ३० तास. आकडे गोल, आणि उत्तराच्या आसपासही नाहीत.

टाइप करताना आणखी एक अडचण येते. फोनवर 480/x-8 असं लिहिलं, तर ते ४८० भागिले x आणि मग उणे ८ असंही वाचता येतं. कंस टाकला तरी छोट्या पडद्यावर मुलं कंस गाळून वाचतात. त्यामुळे अपूर्णांक असलेली कुठलीही गोष्ट मी कागदावर आडवी रेघ मारून लिहिते आणि फोटो पाठवते. या वेळी मात्र मला अपूर्णांक पाठवायचाच नव्हता. मी लिहिलं:

‘तुझं D पर्यंतचं काम मी पाहिलं. पुढचा हिशेब चोख आहे, तो खोडू नकोस. फक्त पहिल्या ओळीकडे जा. समज गाडी २४ नं जाते आहे. किती तास? ८ नं कमी केल्यावर किती तास? आता तू जशी वजाबाकी लिहिलीस तशीच या दोन आकड्यांची कर, आणि काय आलं ते मला सांग.’

पहिलं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. मघाशी मी तिला वेळ, अंतर आणि वेगाचं सूत्र सांगून दुखावलं होतं. तिचं काम मी पाहिलंय हे तिला कळणं गरजेचं होतं; नाहीतर हाही संदेश वही मिटवणारा ठरला असता. आणि ‘खोडू नकोस’ यासाठी, की D उणे आला की मुलं सगळं पान खोडतात आणि पहिल्यापासून तीच चूक पुन्हा करतात.

सात मिनिटांनी आवाजाचा संदेश आला. आईच्या फोनवर, पण आवाज तिचा.

“काकू, वीस उणे तीस. उणे दहा आलं. पण तीन तास अधिक म्हटलंय ना, तर उणे कसं येईल... थांबा, थांबा. जास्त वेळवाली आधी घ्यायची ना? हळूवाली?”

मी फक्त ‘हो’ लिहिलं.

साडेदहाला समीकरण आलं, बरोबर चिन्हासकट, आणि खाली ताळा: १५ − १२ = ३. शेजारी तिनं −32 ला काट मारली होती आणि हिंदीत लिहिलं होतं, ‘चाल ऋण नहीं’.

इथे थांबले असते तर प्रकरण सुटलं असं वाटलं असतं. पण मला एक शंका राहिली होती. ‘जास्त वेळवाली आधी’ हे तिला खरंच कळलं, की ‘दुसरी आधी, पहिली मागाहून’ एवढंच तिच्या हाताला लागलं? या सवालात दोन्ही नियम एकच उत्तर देतात. कळल्याची खात्री करायची, तर असा सवाल हवा जिथे दोन्ही नियम वेगवेगळ्या दिशेला जातील.

पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत याच जातीचा एक सवाल पुढच्या एका प्रश्नावलीत होता: गाडी ३६० किलोमीटर जाते, वेग ५ नं जास्त असता तर १ तास कमी लागला असता. मी तो देणारच होते, आणि मग लक्षात आलं की त्याचंही उत्तर ४० च आहे. ४० च्या वेगानं ९ तास, ४५ नं ८ तास. नुकताच ४० लिहून झालेल्या मुलीला पुन्हा ४० उत्तराचा सवाल दिला, तर तिनं काढलं की ओळखलं, हे मला कळलं नसतं. म्हणून स्वतः एक बनवला: अंतर ३००, वेग १० नं जास्त असता तर १ तास कमी लागला असता.

इथे वेग वाढतो, त्यामुळे दुसरी गाडी कमी वेळ घेते, आणि बरोबर मांडणी वाचनाच्या क्रमानंच होते:

300/x − 300/(x + 10) = 1

कालच्या सवालावरून ‘दुसरी आधी’ असं पाठ केलेली मुलगी इथे उलटी जाईल, आणि तिला पुन्हा उणे D मिळेल, −11900. समजून घेतलेली मुलगी x² + 10x − 3000 = 0 ला पोचेल आणि वेग ५० काढेल. एका सवालात दोघी वेगळ्या होतात. मी तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवला, त्याच रात्री नाही. त्या रात्री मांडणी अजून डोळ्यांपुढे ताजी असते, आणि ताज्या आठवणीला मी समज समजून बसले असते.

आता पावसाळ्याचं. अध्याय नवा असता, आणि वहीच्या कोपऱ्यात काहीच नसतं, किंवा नुसतं ‘माना चाल = x’ लिहून पुढे कोरं असतं, तर मी न घाबरता दहाच्या दहा ओळी लिहून दिल्या असत्या. खुणेच्या माझ्या सवयीनं मी पूर्वी नवख्या मुलांनाही खुणाच देत राहायचे, आणि मुलं त्या खुणांत चाचपडत राहायची. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: सोडवलेलं उदाहरण नीट पाहून लगेच तसंच एक स्वतः करणाऱ्यांना, पहिल्यापासून सगळं स्वतः झुंजून सोडवणाऱ्यांपेक्षा पुढे तशाच सवालांना कमी वेळ लागला. त्या प्रयोगांची एक मर्यादाही होती. फायदा तशाच बांधणीच्या सवालांपुरता दिसला, बांधणी बदलल्यावर नाही. म्हणून नव्या अध्यायात मी सोडवलेलं उदाहरण देते, पण एकटं कधीच देत नाही. त्याला लागून आकडे बदललेलं एक देते, आणि काही दिवसांनी बांधणी बदललेलं. कोऱ्या वहीला खूण पुरत नाही, कारण खूण पकडायला आधी कुठेतरी उभं असावं लागतं. ज्याला निम्मं येतं त्याला सोडवलेलं उदाहरण आपल्याला येणारंच पुन्हा वाचायला लावतं.

तेव्हा मी आता निवड करते ती मुलगा हुशार की कच्चा यावरून नाही. वहीचा किती भाग फोटोत आला आहे, यावरून करते. काहीच आला नसेल तर मी उत्तर, खूण, पायऱ्या यांतलं काहीही न पाठवता एकच ओळ लिहिते: ‘तू जिथपर्यंत आलीस त्या पानाचा फोटो पाठव, खोडलेलं असलं तरी चालेल.’ ‘तुला काय येत नाही’ असं विचारत नाही. ज्याला ते सांगता आलं असतं, त्यानं फोटोसोबतच सांगितलं असतं. वहीचा फोटो मागणं सोपं पडतं, कारण त्याला शब्द लागत नाहीत. ज्या मुलांना मराठीत लिहायचा संकोच वाटतो आणि हिंदीत लिहिलं तर काकूंना आवडेल का असं वाटतं, त्यांच्यासाठी हा मुद्दा मोठा आहे. कित्येकदा बिनशब्दांच्या फोटोमागे आळस नसतो, हा संकोचच असतो.

एक अपवाद मात्र मी कडक पाळते. फोटोत सवालाच्या शेजारी गुण छापलेले असतील, कागद सुटा असेल आणि वेळ शाळेची असेल, तर मी काहीच पाठवत नाही. तो सवाल अभ्यासाचा नाही. संध्याकाळी मुलाला घरी बोलावते आणि मग त्या कागदावर बोलते.

तिच्या आईशी दोन दिवसांनी सराफ्याजवळ गाठ पडली. तिला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती मला नीटच वाटली.

“ताई, तुम्ही सरळ सोडवून का नाही देत? रात्रीचे साडेदहा वाजले होते. पोरीला झोपायला उशीर झाला.”

मी तिला D चा आकडा सांगितला नाही. एवढंच म्हटलं, की पूर्ण सोडवून द्यायचं असतं तेव्हा देतेच, आणि त्या दिवशी ती एका ओळीवर अडली होती. उरलेलं पान तिचं बरोबर होतं.

“तिनं पूर्ण पान खोडायला घेतलं होतं,” आई म्हणाली. “तुमचा मेसेज आला म्हणून थांबली.”

उशिराचा मुद्दा मात्र तिचा खरा होता. पहिली खूण मी न बघता पाठवली नसती, तर ती मुलगी दहाच्या आत झोपायला गेली असती. अर्धा तास माझ्यामुळे गेला. तेव्हापासून फोटो आला की मी आधी त्याचे चारही कोपरे मोठे करून बघते, मग लिहायला घेते.

३०० किलोमीटरच्या सवालाचं उत्तर त्याच रात्री आलं. पुन्हा फोटो, पुन्हा एक अक्षर नाही. पण या वेळी तिनं पुस्तक बाजूला ठेवून अख्खी वही फोटोत घेतली होती. वरच्या ओळीत 300/(x + 10) आधी लिहून त्यावर काट मारलेली होती. शेजारी समासात बारीक अक्षरात, मी न सांगता, ‘३० → १० घं., ४० → ७.५ घं.’ असा पडताळा केलेला होता. त्याखाली बरोबर मांडणी, त्याखाली ५०, आणि शेवटी ६ − ५ = १.